त्या वर्षी पाऊस झाला होता का?

या संग्रहातले सगळे लेख एकाच गोष्टीबद्दल आहेत: लिहिणाऱ्याचं पहिलं प्रेम, जे पुढे टिकलं नाही. लिहिणारी माणसं जालना जिल्ह्यातली आहेत आणि त्यांतली बहुतेक स्वतःला लेखक म्हणवत नाहीत. कोणी मोंढ्यात अडत सांभाळतं, कोणी एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी करतं, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतं. छापलेले लेख वाचकांसमोर आहेतच. त्यांच्या आधीचे कच्चे खर्डे मी वाचले, आणि ते खर्डे लेख कसे झाले, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

खर्ड्यांत दोन सूर पुन्हा पुन्हा भेटले. एका सुरात सगळं गोड होतं. कॉलेजचा रस्ता, पाऊस, ओढणी, वहीत ठेवलेलं फूल, आणि आता तसं काही उरलं नाही म्हणून हळहळ. दुसऱ्या सुरात सगळं कडू होतं. तिने फसवलं, त्याने शब्द मोडला, पैसा पाहिला, नोकरी पाहिली. हे दोन सूर एकमेकांच्या उलट आहेत असं वाटतं. खर्डे शेजारी ठेवून वाचले की मात्र दिसतं, दोन्हींत एकच माणूस गैरहजर आहे. गोड लेखातल्या मुलीला डोळे आहेत, केस आहेत, हसू आहे. तिची परीक्षा नाही, तिची दाढ दुखत नाही, घरी तिला पाणी भरावं लागत नाही. कडू लेखातल्या मुलीकडे तर एकच काम उरतं, निघून जाण्याचं. मुलींनी लिहिलेल्या खर्ड्यांतल्या मुलांचंही तेच होतं. म्हणून खर्डा हातात आला की मी आधी एवढंच शोधत असे, की ज्याचा लिहिणाऱ्याशी काही संबंध नाही असं एखादं काम ते दुसरं माणूस कुठे करताना दिसतं का. नसेल, तर लेख अजून सुरूच झालेला नाही असं समजायला हरकत नसते.

प्रेमाबद्दल न गहिवरता आणि न चिडता लिहिण्याची रीत या मुलखाला नवी नाही. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, केळणा नदीकाठचं सातवाहनकालीन व्यापारी गाव. 1973 साली तिथे उत्खनन झालं तेव्हा त्या काळच्या वस्तीचे भरपूर अवशेष हाती आले. त्याच सातवाहनांच्या घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह आहे, गाथासप्तशती. मराठी वाचकाला तो स. आ. जोगळेकरांनी 1956 मध्ये नीट उलगडून दाखवला. या गाथा भोकरदनला रचल्या गेल्या असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. पण त्यांच्यातली गोदावरी आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण शिवेवरून वाहते, आणि त्यांच्यातली कपाशीची शेतं आजही आपल्याकडे आहेत. एक गाथा म्हणजे दोन ओळी, पहिलीत 30 मात्रा, दुसरीत 27. एवढ्या जागेत उसासे टाकायला वावच नसतो. मग गाथा करते काय, तर एखादी वस्तू, एखादं काम, एखादी वेळ पुढे ठेवते आणि थांबते.

तिथे पुन्हा पुन्हा येणारा एक प्रसंग मला या संग्रहासाठी फार मोलाचा वाटतो. प्रेमिकांची भेट उभ्या पिकात होते. पीक कापणीला येतं, तेव्हा गावाला आनंद असतो आणि एका बाईचा चेहरा उतरतो. शेत मोकळं झालं की भेटीची जागा जाणार. प्रेम संपण्याचं कारण इथे कोणाचा दगा नाही, कोणाचा दोष नाही. कारण शेतीच्या कॅलेंडरात आहे. आणि ते इतकं खरं, इतकं साधं आहे की त्यावर रडगाणं गाण्याची गरज उरत नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात न बोलता सुचवलेल्या अर्थाची उदाहरणं द्यायला अशा गाथा निवडल्या, त्या उगाच नाहीत. आणखी एका गाथेत प्रेम कशाकशाने जातं याची गणती आहे. न भेटण्याने जातं, अति भेटण्याने जातं, लोकांच्या बोलण्याने जातं, आणि कधी काहीच कारण नसताना जातं. ते शेवटचं कारण लिहायला धीर लागतो. आपल्या खर्ड्यांत ते जवळपास कोणी लिहीत नाही, कारण काहीच कारण नव्हतं म्हटलं की रागवायला कोणी उरत नाही.

गाथांतली आणखी एक गोष्ट लिहिणाऱ्याने उचलावी अशी आहे. तिथली बाई पुष्कळदा प्रियकराशी बोलतच नाही. ती मामीला सांगते, आत्याला सांगते, सखीला सांगते. ऐकणारी बाई त्याच गावची असते. कोणाचं शेत कुठे आहे, कोणाचा नवरा परगावी आहे, हे तिला ठाऊक असतं, त्यामुळे तिच्यापुढे फुगवून सांगता येत नाही. आपल्याकडचे खर्डे बहुतेक 'तू'ला उद्देशून असतात. 'तुला आठवतं का' असं सुरू होतं आणि पुढे एक तर आर्जव येतं, नाही तर हिशेब. समोर नसलेल्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाशी बोलताना माणूस या दोनच वाटांनी जातो. म्हणून मी कित्येकांना सुचवलं की हाच मजकूर आत्याला सांगतोय असं समजून पुन्हा लिहा. आत्या प्रेमळ असावी, पण तिला मोसंबीचा भाव आणि गाडीची वेळ माहीत असावी.

आता एक उदाहरण सविस्तर घेतो. संग्रहातल्या कोणाचंच खासगी आयुष्य उघडं पडू नये म्हणून हा मुलगा, ही मुलगी आणि खालचे तिन्ही मजकूर मी स्वतः रचलेले आहेत. पण वर्ष खरं आहे, आणि ज्या चुका दाखवायच्या आहेत त्या खर्ड्यांत सतत भेटलेल्या आहेत.

मुलगा अंबड तालुक्यातला, घरी मोसंबीची बाग. मुलगी परतूरची, रोज रेल्वेने जालन्याला येणारी. दोघं बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, 2012-13 साली. त्याचा पहिला खर्डा असा:

'त्या पावसाळ्यात जालना स्टेशनवर आम्ही दोघं चिंब भिजलो होतो. झिम्माड पाऊस कोसळत होता आणि तिच्या केसांतून मोती निथळत होते. काळ तिथेच थांबला असता तर!'

2012 च्या पावसाळ्यात जालन्यात झिम्माड पाऊस नव्हता. तो महाराष्ट्रातल्या एका कठीण दुष्काळाचा काळ, आणि जालना त्यात सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. एखादी सर आली असेल, ते दोघं भिजलेही असतील. पण मग तो भिजण्याचा आनंद वेगळा होता. इतक्या दिवसांनी पाऊस आला म्हणून सगळं स्टेशन फलाटावर येऊन उभं राहिलं असेल, बापाला फोन करून 'तिकडे पडतोय का' असं विचारलं गेलं असेल. गोड खर्ड्यात खरी घटना पुसली जाते आणि तिच्या जागी सिनेमातला पाऊस येतो. म्हणून पाऊस आला की मी लिहिणाऱ्याला साल विचारतो. साल कळलं की त्या पावसाला खरी जागा मिळते, आणि बहुतेक वेळा खरी गोष्ट खोट्या पावसापेक्षा जास्त हलवून जाते.

त्याचा दुसरा खर्डा, पहिला परत केल्यावर लिहिलेला:

'बाग वाळली, पैसा गेला, आणि त्याबरोबर तीही गेली. दुष्काळात माणसं ओळखू येतात. तिच्या घरच्यांनी नोकरीवाला शोधला आणि तिने मान खाली घालून हळद लावून घेतली.'

हा मजकूर ताकदीचा वाटतो, आणि म्हणूनच तो जास्त तपासावा लागतो. अशा वेळी मी एक कागद घेऊन महिने लिहायला सांगतो. एका बाजूला घरची गोष्ट, दुसऱ्या बाजूला दोघांची. या मुलाचा कागद असा भरला. दिवाळीत तिच्या घरी ठरलं की परीक्षा झाली की लग्न. डिसेंबरमध्ये फलाटावर तिने त्याला ते सांगितलं आणि म्हणाली, मोठ्या भावाशी येऊन बोल. तो म्हणाला, बहार धरलाय, फळं निघाली की येतो. फेब्रुवारीत प्रॅक्टिकलच्या दिवशी ते शेवटचे भेटले. मार्चमध्ये तिची सुपारी फुटली. बाग तोडली ती मे महिन्यात.

म्हणजे ती गेली तेव्हा बाग उभी होती. बाग वाळल्यामुळे ती गेली, हे महिन्यांच्या हिशेबात बसतच नाही. मग त्याच्या मनात ते इतकी वर्षं पक्कं कसं राहिलं? दोन्ही दुःखं एकाच उन्हाळ्यातली आहेत, आणि आठवणीने त्यांची गाठ मारली. यात तो खोटं बोलत नव्हता. शेजारी शेजारी घडलेल्या दोन गोष्टी आपण कारण आणि परिणाम म्हणून लक्षात ठेवतो, आणि कडवटपणा बराचसा अशाच गाठींवर जगतो. तारखा लावल्या की गाठ सुटते. दुःख कमी होत नाही, पण ते योग्य जागी जातं.

इथे मोसंबी कशी पिकते हे थोडं सांगायला हवं, कारण या गोष्टीचा शेवट त्यात आहे. आंब्या बहार धरायचा तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाडाचं पाणी तोडतात, म्हणजे ताण देतात. पानगळ होते. मग जानेवारीत पाणी देऊन ताण तोडतात, तेव्हा झाड फुलतं, आणि फळं हाती यायला पुढे आठ-नऊ महिने जातात. ताण तोडायला विहिरीत पाणीच नसेल, तर ताण दिलेलं झाड फुलत नाही आणि उन्हाळा काढत नाही. त्या हिवाळ्यात कित्येक बागायतदारांपुढे हाच प्रश्न होता. लावल्यापासून पाच-सहा वर्षांनी फळावर येणारी झाडं, टँकरने जगवलेली, शेवटी कुऱ्हाडीने तोडून सरपणाला गेली.

आता डिसेंबरचा तो फलाट पुन्हा पाहा. 'फळं निघाली की येतो' म्हणजे पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. तिच्याकडे मार्चपर्यंतची मुदत होती. हे अंतर दोघांपैकी कोणीच मोजलं नाही. तिला बहाराचं वेळापत्रक ठाऊक नव्हतं, आणि 'परीक्षा झाली की' या शब्दांचा तिच्या घरात काय अर्थ होतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वेळी, आत्याला सांगितल्यासारखा, मजकूर असा होऊ शकतो:

'आत्या, ती म्हणाली होती भावाशी येऊन बोल. तो परतूरला बियाण्याच्या दुकानात बसायचा. मी म्हणालो, बहार धरलाय. अण्णांनी पंधरा दिवसांपूर्वीच पाणी तोडलं होतं. रिकाम्या हातांनी कसं जायचं, असं माझ्या मनात होतं. तिने विचारलं, फळं कधी निघतात? मी म्हणालो, निघतील. गाडी आली. तिच्याकडे तिच्या बहिणीसाठी घेतलेलं अपेक्षित होतं, ते विसरेल म्हणून ती परत बाकड्याकडे गेली आणि मग डब्यात चढली. जानेवारीत ताण तोडायला विहीर चालली नाही. ते मी तिला सांगितलं नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशी ती म्हणाली, दादा विचारत होता कोणी येणार आहे का. मी म्हणालो, जर्नलवर सही झाली का तुझी?'

या मजकुरात 'प्रेम' हा शब्द नाही, आणि दोष कोणाला द्यायचा हे वाचणाऱ्याला सहज ठरवता येत नाही. ती बाकड्याकडे परत जाते ती बहिणीच्या पुस्तकासाठी, त्याच्यासाठी नव्हे. एवढ्याने ती स्वतःचं घर असलेली मुलगी होते. तिने दोनदा विचारलं, हे दिसतं. तो का गप्प राहिला, तेही दिसतं. आजच्या शहाणपणाने त्याने स्वतःला कुठे झोडपलेलं नाही, आणि तिला माफही केलेलं नाही. माफ करणं हा कडवटपणाचाच एक सभ्य प्रकार आहे असं मला वाटतं, कारण त्यात आधी दुसऱ्याला गुन्हेगार ठरवावं लागतं.

जातीबद्दल वेगळं बोलायला हवं. आपल्याकडे पहिलं प्रेम संपण्याचं हे फार मोठं कारण, आणि खर्ड्यांत ते सगळ्यात जास्त झाकलेलं. 'घरच्यांना मान्य नव्हतं' एवढ्यावर वाक्य संपतं. मान्य का नव्हतं, कोण म्हणालं, ओसरीवर म्हणालं की स्वयंपाकघरात, त्या वेळी चहा कोणत्या कपात दिला, हे येत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं, जात लिहिली की लेख कडवट होईल. माझा अनुभव उलटा आहे. कारण झाकलं की राग त्या एकट्या माणसावर जाऊन बसतो: तो घाबरट होता, तिने घरचं ऐकलं. कारण उघड लिहिलं की तो माणूसही त्याच भिंतीपुढे उभा होता हे दिसू लागतं. हुंड्याचंही तसंच. या संग्रहातल्या काही लेखांत जात स्पष्ट नावानिशी आली आहे. ती लिहिणाऱ्यांनी खूप विचार करून ठेवली आहे आणि मी त्यातला एकही शब्द हलवलेला नाही.

दुसऱ्या माणसाची बाजू गळून जाणं किती जुनं आहे, याची आठवण आपल्या जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी होते. समर्थ रामदासांचा जन्म तिथला, 1608 सालचा. लग्नाच्या बोहल्यावर 'सावधान' ऐकून बारा वर्षांचा नारायण निघून गेला ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. ते पहिलं प्रेम नव्हतं, आणि समर्थांच्या वाटेबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण अंतरपाटाच्या पलीकडे एक लहान मुलगी उभी होती, आणि आपण ती गोष्ट सांगताना तिच्यापाशी थांबत नाही. निघून जाणाऱ्याची गोष्ट सांगायची सवय फार खोल आहे. ज्यांच्या लेखात लिहिणारा स्वतःच निघून गेलेला आहे, त्यांनी अंतरपाटाच्या पलीकडे जाऊन पाहण्याचा प्रयत्न केला आहे, आणि मला ते लेख सगळ्यात आवडतात.

शेवट कुठे करायचा यावर बरीच चर्चा झाली. खूप खर्डे वीस वर्षांनंतरच्या भेटीवर संपत होते. लग्नात किंवा बसस्टँडवर ती दिसते, बरोबर मूल असतं, ती ओळखीचं हसते. काहींनी फेसबुकवर शोधून आजचा फोटो वर्णन केला होता. हे शेवट आम्ही बहुतेक काढले. त्या भेटीत लिहिणाऱ्याला एक तर समाधान हवं असतं, नाही तर सूड, आणि दोन्हींसाठी समोरच्या बाईचं आजचं आयुष्य वापरलं जातं. तिने त्यासाठी होकार दिलेला नसतो. लेख प्रेम जिथे संपलं तिथे संपावा, आणि ते बहुधा एखाद्या फार लहान गोष्टीवर संपलेलं असतं: न केलेला रिचार्ज, न घेतलेला फोन, जर्नलवरची सही.

राहिला नावांचा प्रश्न. तालुक्याच्या गावात नाव बदलून कोणी लपत नाही. बियाण्याचं दुकान, रोजची गाडी आणि मोठा भाऊ एवढं सांगितलं की अर्धं गाव बोट दाखवतं. म्हणून आम्ही एक नियम पाळला. ज्यामुळे माणूस ओळखू येतो ते बदलायचं, पण ज्यामुळे गोष्ट घडली ते बदलायचं नाही. दुकान कशाचंही असू शकतं, भावाच्या जागी काका चालतो, परतूरच्या जागी बदनापूर चालतं. मोसंबी मात्र बदलता येत नाही, कारण तिचे नऊ महिने गेले की सगळी गोष्टच कोसळते. दोन लेखांत कारण आणि ओळख इतकी एकमेकांत गुंतली होती की एक बदललं की दुसरं मोडत होतं. ते दोन्ही लेख चांगले होते. समोरच्या माणसाची परवानगी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून लिहिणाऱ्यांशी बोलून आम्ही ते छापले नाहीत. त्यांच्या प्रती त्यांच्याकडे परत गेल्या आहेत.

उरलेल्या लेखांखाली लेखकांची नावं नाहीत, फक्त तालुका आणि साल आहे. व्यवसाय, नाती आणि गावं यांतलं बरंच काही हलवलेलं आहे, हे वाचकांनी गृहीत धरावं. साल आणि त्या सालातलं पाऊसपाणी कुठेही हलवलेलं नाही.